पुराव्याचा रकाना

"सगळ्यांनी मिळून केलं" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून यंदा डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात मी गटाच्या प्रेझेंटेशनला एक तक्ता जोडायला लावला. कोणी काय केलं, कधी केलं, पुरावा काय, आणि शेवटी गटातल्या बाकीच्यांच्या सह्या. गटाला दहा मार्क, आणि प्रत्येकाला स्वतःच्या कामाचे वेगळे दहा.

ठाण्याच्या खोपट एसटी डेपोतल्या प्रवाशांच्या सर्वेक्षणाचा तक्ता आला. जोविटाने वीस मुलाखती घेतलेल्या, भरलेले फॉर्म जोडलेले. रॉकीने स्लाइड्स केलेल्या. कोणती कधी बदलली, ते फाइलच्या हिस्टरीत त्याच्या नावासकट दिसत होतं. विनीतच्या नावापुढे होतं, "मार्गदर्शन". पुराव्याचा रकाना रिकामा, सह्याही नाहीत.

"अरे, मार्गदर्शन मी करते, त्याचा मला पगार मिळतो," मी म्हटलं. "तू खरंच जे केलंस ते लिही."

विनीतने "मार्गदर्शन" खोडून लिहिलं, "डेपोत टीमसाठी चहा आणला", आणि पुरावा म्हणून मोबाइलवर तीन कपांचा फोटो दाखवला. तारीख जुळत होती. निदान खरं तरी लिहिलं, म्हणून एक मार्क द्यावा असं मी ठरवलं आणि तक्ता सहीसाठी जोविटाकडे सरकवला.

तिने वाचला आणि सही न करताच परत दिला.

"मिस, चहा रॉकीने आणलेला. याने फक्त फोटो काढलेला."