भिंतीला लागलेलं सगळं

शिक्षिका घर सोडणार त्या सकाळी मालक काका नव्या भाडेकरू नर्सबाईंना घेऊन आले आणि बाथरूम असं दाखवू लागले, जणू त्यांनीच सजवलं होतं. सजवलं होतं शिक्षिकेने, तेही एक खिळा न ठोकता.

“यातलं काही काढायचं नाही हं, बाई. भिंतीला लागलं ते घराचं. यावरच तर भाडं वाढवलंय,” काका शिक्षिकेला म्हणाले.

“लागलंय कुठे, काका? नुसतं टेकलंय.”

तिने पडद्याचा स्प्रिंगचा दांडा पिळला, तो हातात आला. टाइलवर कप्पा धरून ठेवणाऱ्या रबरी वाटीची कड नखाने उचलली, हवा आत गेली नि कप्पा सुटला. हुकाची चिकटपट्टी भिंतीलगत सावकाश खाली ओढली, डागही राहिला नाही. शेवटी आपला शॉवर हाताने फिरवून काढला आणि जपून ठेवलेला काकांचा गंजका शॉवर परत बसवला.

नर्सबाईंनी नळ सोडला. तीनच भोकांतून पाणी आलं, त्यातली एक धार थेट काकांच्या सदऱ्यावर.

“सजावट यांची, तर वाढीव भाडं तुम्हाला कशाला?” नर्सबाई म्हणाल्या. “जुन्या भाड्याला देत असाल तर बोला.”

काकांनी सदरा पिळत होकारार्थी मान हलवली. नर्सबाई तोवर शिक्षिकेला दांडा कुठे मिळतो ते विचारत होत्या.