ब्रेकसाठी पाच मिनिटं

गोव्यात साखळी गावी खनिज वाहणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात सोमवारच्या बैठकीचा अजेंडा गौरवी करायची. विषय, मिनिटं, जबाबदार माणूस आणि आधी वाचायच्या कागदाची लिंक, असे चार रकाने. शनिवारी तो सगळ्यांना जायचा. लिंक कोणी उघडत नसे, पण आपलं नाव कुठे आलंय ते मात्र प्रत्येकजण डोळ्यांत तेल घालून बघे. त्या ऑफिसात नाव येणं म्हणजे मान नव्हे, शिव्या खायचा हक्क.

त्या शनिवारी बेळगावकडचा टिपर ड्रायव्हर दादू दारात उभा राहिला.

"बाई, सुर्ल्याच्या उतारावर माजा ब्रेक धरत न्हाई. मिटिंगीत घाला की."

गौरवीने पहिलाच विषय लिहिला: दादूचा आणि आणखी एक असे दोन टिपर दुरुस्तीला थांबवायचे का, निर्णय हवा. वीस मिनिटं. जबाबदार: परेश. ब्रेक तपासणीची लिंकही जोडली. वर्कशॉप सांभाळणाऱ्या परेशचा फोन लगेच आला.

"गौरवी, माझं नाव काढ गो. टिपर थांबवले की फेऱ्या कमी. गोकुळदासबाब मलाच सोलणार."

"मग कोणाचं घालू, परेशबाब?"

"वर्कशॉप लिही. आणि जरा खाली ढकल."

परेशबाब वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसाला नाही म्हणणं जास्त जड जातं. तिने 'वर्कशॉप' लिहिलं, विषय शेवटी नेला आणि विसाची पाच मिनिटं केली. उरलेली पंधरा फेऱ्यांच्या विषयाला दिली.

सोमवारी फेऱ्यांनी ती पंधराही खाल्ली आणि ब्रेकची पाचही. मॅनेजर गोकुळदासबाब घड्याळ बघत उठले.

"हा शेवटचा विषय कोण मांडतो? वर्कशॉप? वर्कशॉपाला तोंड आहे?"

सगळे हसले. परेशने वहीत डोकं घातलं. बोलावं असं गौरवीला वाटलं. पण अजेंडा करणाऱ्याने बोलायची तिथे रीत नव्हती.

"पुढच्या सोमवारी घेऊया," गोकुळदासबाब म्हणाले.

बुधवारी दादूचा भरलेला टिपर उतारावरून सुटला आणि खालच्या ओढ्यात उलटला. त्याला बाहेर काढेपर्यंत ऊन चढलं होतं. बायको रत्ना गावाहून आली ती थेट शवागाराच्या दारात.

शनिवारी गौरवीने ब्रेक वर आणला. जबाबदार: परेश. लिंक सगळ्यांना उघडते का तेही बघितलं. परेशचा फोन वाजत राहिला. तिने उचलला नाही.

सोमवारी प्रत्येकाने तपासणीचा कागद वाचून आणला होता. परेश उभा राहिला, घसा खाकरून म्हणाला, "एकच टिपर थांबवायचा आहे आता." गोकुळदासबाबांनी मान हलवली. निर्णय झाला.

"वीस मिनिटं धरली होतीस, गौरवी," ते म्हणाले. "पाचसुद्धा लागली नाहीत."

तिने निर्णय टिपून घेतला. पुढचा विषय फेऱ्यांचा होता.