धुतलेला ब्रेडबोर्ड

पंचफुलाबाईंना पहिल्यांदा काय बनवावं हेच ठरत नव्हतं, आणि शनिवार तर तोंडावर आला होता.

साल ब्याऐंशी, महिना कार्तिक. दिवाळीच्या सुट्टीत त्या नागपूरला विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. येताना हातात एक कापडी पिशवी होती आणि डोक्यात वारं शिरलं होतं. पिशवीत काय, तर एक पांढरा, भोकाभोकांचा ब्रेडबोर्ड, सहा तांबड्या एलईडी, मूठभर रेझिस्टर आणि चार ट्रान्झिस्टर. बस्स. सेल आणि वायर घरच्या. कथिलाचा डाग न देता, नुसत्या तारा भोकात खोचून सर्किट उभं करायचं, नाही जमलं तर उपटून पुन्हा खोचायचं. पंचफुलाबाईंना ही सोय इतकी आवडली होती, की एसटीत बुलढाण्यापर्यंत त्यांनी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

देऊळघाटच्या शाळेत आठवीच्या मुलींना बुधवारी दोन तास शिवणकाम असे. ते दोन तास इलेक्ट्रॉनिक्सला द्या, असं बाईंनी आल्या आल्या हेडमास्तर भगवंतरावांना सांगून टाकलं. भगवंतराव भला माणूस, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणाले, "शनिवारी शाळा समिती येणार आहे. मुलींच्या हातून एक वस्तू चालवून दाखवा. पुंजाजींना ती उपयोगाची वाटली तर बुधवार तुमचा. नाही वाटली, तर मुली काजं-बटणं करतील आणि तुम्ही माझ्याकडे पुन्हा हा विषय काढायचा नाही."

पुंजाजी म्हणजे समितीचे अध्यक्ष. मिरची, मेथी, वांगी पिकवणारा कसलेला बागाईतदार. त्यांना उगाच चमकणारं काहीही आवडत नसे, मग तो दिवा असो की जावई.

बाईंच्या मनात आधी लुकलुकणारा दिवा होता. शिबिराच्या वहीत त्याची आकृतीही होती. मुली ती बघून टाळ्या पिटायला लागल्या आणि मग सिंधू नावाच्या पोरीनं विचारलं, "बाई, ह्या दोन समोरासमोरच्या रेघा म्हणजे काय?" तो कपॅसिटर, आणि आकृतीत तसे दोन होते. पिशवीत कपॅसिटर एकही नव्हता. विजेनं भरायचं आणि रिकामं व्हायचं काम तोच करतो, त्याच्याशिवाय असला दिवा लुकलुकणार कसा? बाईंनी तरी पिशवी उलटी करून झटकली. आशा माणसाला असलं काहीही करायला लावते.

दुसरा बेत आठवण ठेवणाऱ्या दिव्यांचा. दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना धरून बसतात. एका बाजूला तार टेकवली की त्या बाजूची एलईडी लागते, दुसरी विझते, आणि तार काढली तरी तसंच राहतं. हे पिशवीतल्या सामानात जमत होतं आणि बाईंना तर ते भारीच आवडलं होतं. पण डोळ्यांसमोर पुंजाजी आले आणि त्यांचा प्रश्नही आला: आठवण ठेवते ते ठीक, पण कशाची?

तिसरं, बोट लावलं की लागणारा दिवा. गुरुवारी संध्याकाळी बाईंनी घरी तोच उभा केला. बोटातून जाणारा करंट अगदी नखाएवढा. तो पहिल्या ट्रान्झिस्टरनं वाढवला, पहिल्याचा दुसऱ्यानं वाढवला, आणि एलईडी झकास पेटली. सासू झुंबरबाई चुलीपासून म्हणाल्या, "बोट लावून दिवा लावतं, मंग बटण काय वाईट हाय वं?" बाईंचा उत्साह तिथंच बसला. पुंजाजींच्या आधी घरातच निकाल लागला होता.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाई जेवायला घरी आल्या आणि अंगणात थबकल्या. पाटावर ब्रेडबोर्ड पालथा घातला होता. त्याच्यातून पाणी ठिबकत होतं. शेजारी वाटीत एलईडी, रेझिस्टर, ट्रान्झिस्टर निवडून ठेवलेले, तांदळातले खडे ठेवावेत तसे.

"आत्याबाई! हे काय केलं तुम्ही?"

"धुतलं," झुंबरबाई म्हणाल्या. "राखेनं चांगलं घासून धुतलं. नवी वस्तू घरात आली, अन् तू तशीच फळीवर ठेवली. मले वाटलं शेवयाचा साचा हाय. भोकं नाहीत का त्याले? काड्या पहिले काढून ठेवल्या, एक बी मोडली नाही."

झुंबरबाईंच्या घरात नवी वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही, हा कायदाच होता. सून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेचं कुलूपही त्यांनी धुतलं होतं. एरवी बाई हसल्या असत्या. पण शनिवार उद्यावर होता आणि ब्रेडबोर्ड अख्ख्या जिल्ह्यात दुसरा मिळाला नसता.

"काही समजत नाही तर हात काऊन लावता हो तुम्ही!" बाई ओरडल्या.

झुंबरबाईंनी तोंड फिरवलं. पदर खोचला, भाकरीचं टोपलं बाईंच्या पुढे सरकवलं आणि आत निघून गेल्या.

बाईंना जेवण जाईना. बोर्ड झटकून, फडक्यानं टिपून त्यांनी कालचंच सर्किट पुन्हा खोचलं. एवढं तरी कळावं, की तो मेला का जिवंत आहे. बोट लावायच्या दोन्ही तारा अजून जोडायच्याच होत्या. सेल लावले.

एलईडी पेटली.

बाईंनी हात मागे घेतला. बोट नाही, तार नाही, आणि दिवा आपला भक्कन लागलेला! बिघडला, असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. सर्किट उपटलं, बोर्ड तापलेल्या दगडी पायरीवर उन्हात ठेवला आणि बळंच अर्धी भाकरी खाल्ली. परत येऊन सगळं खोचलं, तर आता एलईडी मिणमिणत होती. बोर्ड तसाच उन्हात धरला. मिणमिण कमी होत गेली आणि थोड्या वेळानं दिवा पार विझला.

बाई उकिडव्या बसून राहिल्या. बोर्ड बिघडला नव्हता. भोकांच्या आत राखेचं पाणी राहिलं होतं. बोट जे काम करतं तेच ते पाणी करत होतं, प्लसच्या ओळीतून ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायापर्यंत करंट झिरपवत होतं. पाणी वाळलं, करंट थांबला, दिवा गेला.

"वल!" बाई मोठ्यानं म्हणाल्या. "अरे, हा तर वल सांगतो!"

वल म्हणजे मातीतली ओल. पुस्तकात तिला आर्द्रता म्हणतात, पण त्या शब्दानं देऊळघाटात कुणाची मान वळली नसती. वल म्हटलं की सगळं गाव वळतं. पेरायचं का थांबायचं, पाणी द्यायचं का नाही, सगळं तिच्यावर. बाई पिशवी उचलून जवळजवळ पळतच शाळेत गेल्या. आत झुंबरबाईंशी एक शब्द बोलायचं राहून गेलं.

दुपारी मुलींनी दोन सहा इंची खिळे तारांना बांधले. कोरड्या काळ्या मातीत खोचले, तर दिवा लागला. ओल्या मातीत खोचले, तरी लागला. कोरडी म्हटली तरी कार्तिकातली माती, तिच्यातही थोडा दमटपणा असणारच, आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून तेवढ्यावरही बोंब ठोकत होते.

"मंग याचा काय उपयोग?" एक पोरगी रडवेली झाली.

सिंधू बोर्डाकडे टक लावून बघत होती. "बाई, यातला एक काढून पाहू का? दोघं मिळून लई वाढवून सांगून राह्यले."

शिबिरात सगळ्यांनी वाढवायचंच शिकवलं होतं. कमी करायचं कुणीच सांगितलं नव्हतं. सिंधूनं दुसरा ट्रान्झिस्टर उपटला, एलईडी पहिल्याला जोडली. कोरडी माती: काही नाही. ओली माती: लख्ख तांबडा दिवा! मुलींनी अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या वर्गातून भगवंतराव छडी घेऊन आले आणि छडी खाली ठेवून बघत उभे राहिले.

शनिवारी समिती आली. पुंजाजींनी खिळ्यांकडे बघून नाक मुरडलं.

"वल मोजाले मशीन कायले पायजे?" ते म्हणाले. "मूठभर माती घ्या, दाबा. ढेप बसली तर वल हाय, सुटली तर नाही. माह्या बापानं असंच पाह्यलं."

त्यांच्या गड्यानं दोन घमेली माती आणून ठेवली. पुंजाजींनी दोन्हींतून मूठ भरली, दाबली, सोडली. दोन्ही मुठी भुरभुर सांडल्या. "दोन्ही कोरड्या. आता तुमचा दिवा काय सांगते ते पाहू."

सिंधूनं पहिल्या घमेल्यात खिळे खोल दाबले. दिवा लागला नाही. पुंजाजींनी मान हलवली. दुसऱ्यात दाबले आणि दिवा पेटला.

बुधवार गेला, असंच पंचफुलाबाईंना वाटलं. मुठीनं तर कोरडी सांगितली होती! भगवंतराव खाकरले. सिंधूनं खिळे काढून पुसले, पुन्हा दाबले. पुन्हा लागला. पोरगी हटेना. "आजोबा, खाली वल हाय," ती म्हणाली.

पुंजाजी मांडीवर थाप मारून हसले. त्यांनी घमेलं उपडं केलं. बुडाशी काळाशार चिखल होता. "रातीच बुडाशी पाणी टाकून वरून कोरडी माती पसरली होती मी! म्हटलं, पोरी फसतेत का पाहू. माही मूठ वरचंच सांगते, हिचा खिळा बुडातलं सांगते. मास्तर, बुधवार देऊन टाका या पोरीयले."

मुलींचा दंगा छपराला लागला. त्या गलक्यातच पुंजाजींनी विचारलं, "पण बाई, हे सुचलं कोणाले?"

मला, असं म्हणायला काही हरकत नव्हती. कुणी शोधायला आलं नसतं.

"आमच्या आत्याबाईंना," पंचफुलाबाई म्हणाल्या. "झुंबरबाईंनी बोर्ड धुतला, म्हणून कळलं. आणि त्यांनाच मी टाकून बोलले."

घरी आल्या तेव्हा झुंबरबाई मेथी निवडत होत्या. कालपासून त्यांनी सुनेशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. बाईंनी बोर्ड त्यांच्यासमोर ठेवला, सगळी हकीगत सांगितली, पुंजाजींपुढे त्यांचं नाव घेतलं तेही सांगितलं.

"चुकलं माझं, आत्याबाई. काही समजत नाही असं मी तुम्हाले म्हणाले. मलेच समजलं नव्हतं."

"चाल, काही बी," म्हणत झुंबरबाईंनी दोन्ही खिळे चिमटीत धरले. जन्मभर विळा धरून त्यांच्या बोटांची कातडी वाळून लाकूड झाली होती. दिवा लागला नाही. "पाह्य, मले नाही समजत. मले तर दिवा बी नाही ओळखत."

त्यांनी बोटांनीच डोळे पुसले. त्याच ओल्या बोटांनी पुन्हा खिळे धरले.

दिवा लख्ख लागला. झुंबरबाईंनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि खिळे काही सोडले नाहीत.