कंचनबेनची थापण

रसिकभाई सोजित्रा जेतपूरच्या माझ्या ऑफिसात आले, तेव्हा त्यांच्या हातात गरम गाठियांचा पुडा होता. हा माणूस गाठिया घेऊन आला की समजावं, काहीतरी बिघडलंय. गेली सोळा वर्षं त्यांच्या साडीछपाईच्या कारखान्याचा कर मी बघते. पुडा त्यांनी टेबलावर ठेवला आणि नोटिशीचा कागद त्याच्याखाली सरकवला.

"इलाबेन, ह्यात चार लाख साठ हजार दंड लिहिलाय. बिंदी चुकून जास्तीची पडली का बघा ना."

बिंदी म्हणजे शून्य. मी वाचलं. शून्य बरोबर होतं. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी किंवा ठेव म्हणून घेतली, की जेवढी घेतली तेवढाच दंड. देणारी सख्खी बहीण असली तरी सूट नाही. आपल्याला दंड का लावू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत द्यायचा होता.

"पैसे कुणाचे?" मी विचारलं, पण मला ठाऊक होतं. लेखापरीक्षणाच्या अहवालात देणाऱ्याचं नाव आणि पत्ता लागतो. तो मीच भरून दिला होता: कंचनबेन भगवानजी वेकरिया, गोंडल. रसिकभाईंची बहीण.

दोन वर्षांपूर्वी रसिकभाईंचा मुलगा ट्रकखाली आला, तो दुसरा शनिवार होता. बँका बंद. राजकोटच्या इस्पितळाने ऑपरेशनआधी पैसे भरा म्हणून सांगितलं. कंचनबेनचं स्वतःचं खातं नव्हतं. होतं ते नवऱ्याबरोबरचं, म्हणजे भगवानजींबरोबरचं, आणि त्याचं पासबुक त्याच्या कपाटात. ती खाखऱ्याचा डबा घेऊन रिक्षाने आली. डब्यात वरती खाखरे, खाली नोटा. साड्यांना फॉल लावून, मणी शिवून वीस वर्षांत साठवलेल्या.

"कारण पक्कं आहे," मी म्हणाले. "वाजवी कारण दाखवलं तर दंड माफ होतो. इस्पितळाच्या पावत्या, त्या दिवशीची तारीख, बहिणीचं लेखी निवेदन. पण तुमच्या रोजमेळाच्या वहीत हे काय लिहिलंय?"

रोजमेळात रसिकभाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: कंचनबेनची थापण.

थापण म्हणजे ठेव. सांभाळायला दिलेली.

"अहो, ठेव कुणी घाईघाईत ठेवत नाही! ठेव म्हटली की निकड गेली. बहिणीने निवांत पैसे आणून ठेवले, असंच आयकरवाले धरणार. उसने म्हणून का नाही लिहिलंत?"

"बहिणीकडून भाऊ उसने घेतो का? आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. तीच म्हणाली, तू घेतोयस कुठे, मी ठेवतेय. म्हणून तसंच लिहिलं."

मला राग आला. आणि त्या माणसाची दयाही आली.

"मग आता तिचं लेखी आणा. पैसे कुठून आले तेही त्यात हवं."

त्यांनी गाठियांना हात लावला नाही. "दंड भरतो मी. तिला मध्ये घालू नका. भगवानजीला ह्या पैशांचा पत्ता नाही. त्याला कळलं तर तो तिला..." मागच्या राखीला कंचनबेनने डाव्या हाताने राखी बांधली होती. उजवा प्लास्टरमध्ये होता. न्हाणीत पडले, म्हणाली होती.

मी मान हलवली. पण पत्ता आधीच आयकर खात्याकडे होता. देणाऱ्यालाही पडताळणीचं पत्र जातं: पैसे दिलेत का, कुठून दिलेत? ते पत्र गोंडलच्या त्या घरी जाणार होतं, आणि त्या घरात टपाल कोण फोडतं ते मला ठाऊक होतं.

नवव्या दिवशी सकाळी माझ्या ऑफिसखाली पांढरी गाडी थांबली. मी रसिकभाईंना फोन केला. ते पोचेपर्यंत भगवानजी खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. कंचनबेन भिंतीला लागून उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"या साळेबाबू," भगवानजी हसले. "एवढी मोठी अडचण, आणि बहिणीच्या नवऱ्याला, बनेव्याला, सांगायचं नाही?"

आवाज लोण्यासारखा मऊ. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी पिशवीतून कागद काढले. कपाशीच्या विक्रीच्या पावत्या, आणि टाइप केलेलं पत्र. रक्कम माझी, शेतीच्या उत्पन्नातली, मेहुण्याच्या मुलाच्या ऑपरेशनसाठी पत्नीच्या हाती पाठवली. खाली कंचनबेनच्या सहीसाठी एक ओळ: माझे स्वतःचे काहीही उत्पन्न नाही.

"बघा इलाबेन, काम सोपं झालं. दंड जाईल. रसिकने पैसे माझ्या खात्यात टाकायचे. घरचा मामला घरात." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "सही कर."

तिने पेन घेतलं.

"थांब," रसिकभाई म्हणाले. त्यांनी रोजमेळ उघडून टेबलावर ठेवला. "भगवानजीभाई, इथे तुमचं नाव नाही. हिचं आहे. ज्या दिवशी पैसे आले त्याच दिवशी लिहिलंय. थापण. थापण ज्याची त्यालाच परत जाते."

"दंड लागेल तुला!"

"लागू दे."

ज्या शब्दावरून मी त्यांना झापलं होतं, तोच आता त्या बाईच्या नावचा एकमेव पुरावा होता. मला स्वतःची लाज वाटली. मी कोरा कागद काढून कंचनबेनपुढे ठेवला. "बेन, खोटं लिहून देऊ नका. खरं असेल ते लिहा. मी अर्ध्या तासात पाठवते."

तिने ब्लाउजमधून लहानशी वही काढली. पानोपानी फॉल, मणी, तारखा, रुपये. मग हळूहळू, मोठ्या अक्षरांत लिहिलं: भाच्याचं ऑपरेशन होतं, बँक बंद होती, पैसे माझ्या कमाईचे. सही केली.

भगवानजींनी बशी खाली ठेवली. "लिही. काय लिहायचं ते लिही. मी गाडीत आहे. संध्याकाळी घरीच येणार आहेस ना?"

ते जिना उतरून गेले.

"माझी थापण दे रसिक," कंचनबेन म्हणाली. "आज."

"रोख नाही हं," मी म्हणाले, "नाहीतर परत करण्याचाही तेवढाच दंड. चेकनेच. आणि चेक तुमच्या एकटीच्या खात्यात."

खातंच नव्हतं. आम्ही तिघं मागच्या दाराने शेजारच्या बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने आधारचा नंबर टाकला. "मोबाइलवर आकडा आलाय, सांगा."

कंचनबेनने काचेबाहेर बघितलं. "मोबाइल त्यांच्या खिशात असतो."

काचेतून पांढरी गाडी दिसत होती. आत भगवानजींनी खिशातून फोन काढला, वाचला, आणि मान वर करून बँकेच्या पाटीकडे पाहिलं. गाडीचं दार उघडलं.

"अंगठा चालेल," मुलगी म्हणाली.

कंचनबेनने अंगठा ठेवला. जुळला नाही. सुईने वीस वर्षं टोचलेला तो अंगठा, रेषा कुठल्या राहणार? पुन्हा ठेवला. नाही. तिने पदराने पुसला, जिभेने ओला केला, दाबून धरला. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

रसिकभाईंनी चेक लिहिला, वर दोन तिरप्या रेघा मारल्या.

"पैसे कधी दिसतील?" तिने विचारलं.

"दोनेक दिवस लागतील."

बाहेर भगवानजी बँकेकडे चालत येत होते, सावकाश, हातात तिचा फोन घेऊन. कंचनबेन भावाच्या मागे सरकली.

"तोवर मलाच ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "थापण म्हणून."