अक्षरी रक्कम ग्राह्य

मनकर्णाबाईंच्या टेबलावरून पुढे गेलेलं बिल कोषागारातून आक्षेप लागून परत आलं, असं अठरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. ही गोष्ट बाई स्वतःच सांगत, आणि एकदा सांगून त्यांचं भागत नसे. गडचिरोली जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची बिलं त्यांच्याकडे तपासायला येत: तांदूळ, गाद्या, विहिरीची मोटर, काय वाट्टेल ते. बिल हाती आलं की बाई आधी तळाशी बघत. अंकातली रक्कम, मग अक्षरातली रक्कम. दोन्ही जुळल्या की मग बाकीचा कागद.

ही सवय त्यांना फुकट लागली नव्हती. वरोऱ्याला नवीन नोकरी होती तेव्हा एका पुरवठादारानं, बाईंची सही झाल्यावर, तीन हजारांमागे एक शून्य वाढवलं. तीनाचे तीस झाले. खाली अक्षरात ‘तीन हजार’ स्पष्ट होतं, पण ते वाचतो कोण! सत्तावीस हजार रुपये बाईंच्या पगारातून कापले गेले, थोडे थोडे करून तीन वर्षं. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. आकड्यात शून्य घुसवता येतं, अक्षरात येत नाही. दोघांचं पटलं नाही तर अक्षराचं ऐकायचं. चेकच्या बाबतीत कायदाही तेच सांगतो, असं त्या टेबलावर हात आपटून म्हणत. बिल म्हणजे काही चेक नव्हे, एवढं त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगायची छाती कोणाची होती?

तर तीस मार्च. वर्षअखेर म्हणजे त्या ऑफिसात नुसता गोंधळ. उद्यापर्यंत बिल कोषागारात पोचलं नाही तर अनुदान परत जाणार, मग पुढच्या वर्षी नव्यानं मागा. बाई सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या. चारच्या सुमाराला त्यांचा हाताखालचा लिपिक श्रावण एक बिल घेऊन उभा राहिला.

"मॅडम, हे पाहा ना. गोटाटोल्याच्या शाळेचं. महिला बचत गटानं आडोशाले बांबूच्या ताट्या देल्या. आकड्यात बहात्तर हजार सहाशे आहे अन्‌ अक्षरात बासष्ट."

बाईंनी बिल घेतलं. वरती एकच ओळ, ‘ताट्यांचा पुरवठा’. नग किती ते लिहिलेलं नाही. मुख्याध्यापकाचा ‘माल मिळाला’ असा शिक्का होता, पण माल उतरवल्याची चलनं जोडलेली नव्हती. सोबत फक्त खरेदीचा आदेश होता, एका ताटीला तीनशे रुपये दराचा.

"शाळेत फोन लावला होता," श्रावण म्हणाला. "लागत नाई. उद्या सकाळी पुन्हा लावून पाहू का? किती ताट्या आल्या ते कळलं तं प्रश्न मिटते. नाईतर दुरुस्तीले वापस पाठवू."

"वापस पाठव आन पैसा जाऊ दे! त्या बाया सहा महिने हात चोळत बसतीन, त्याचं काय?"

"पण मॅडम, आकडा..."

"आकडा मले नको शिकवू."

आणि त्यांनी लाल शाईनं लिहिलं: ‘अंकी व अक्षरी रकमेत तफावत. अक्षरी रक्कम ग्राह्य. रुपये ६२,६०० पारित.’ कमी रक्कम दिली की लेखापरीक्षक बोट ठेवत नाही, हेही मनात होतंच. बायांना निदान बासष्ट तरी मिळाले, आपण त्यांचं भलंच केलं, असं बाईंना खरोखर वाटलं. संध्याकाळी त्यांनी श्रावणला चहा पाजला.

मे महिन्याच्या उन्हात एक बाई ऑफिसात आली. चाळिशीची, सडपातळ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं बिलबुक. गोटाटोल्याहून पहाटेची बस धरून निघाली होती. श्रावणनं तिला मनकर्णाबाईंच्या टेबलाशी आणलं.

"जोहार बाई. मी बुधरी. बचत गटाची अध्यक्ष होती."

‘होती’ बाईंच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

"बोला."

"बाई, आमचे दहा हजार कुठी गेले?"

तिनं बिलबुक उघडून कार्बनची प्रत समोर ठेवली. बाईंनी ती ओळखली. त्यांनी नेहमीच्या सुरात समजावलं, की बिलात अक्षरी रक्कम बासष्ट हजार होती, आणि नियम असा असा आहे. बुधरीनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अक्षर मी नाई लिवलं बाई. आकडा माझा. अक्षर शाळेच्या प्रवीणबाबूनं लिवलं, त्याच्यापाशी चार-पाच बिलं होते, घाईत होता. मले अक्षर वाचता येत नाई. गटात कोणालेच येत नाई. सह्या शिकलो, आकडे शिकलो. आकडा मी दोनदा पाटीवर करून मंग बिलात लिवला. दोनशे बेचाळीस ताट्या. अकरा बाया. एकीले सहा हजार सहाशे."

"मग पासबुकात..."

"पासबुकात बासष्ट. बिलात बहात्तर. दोन्ही आकडे सगळ्याईनं पाह्यले." बुधरीनं बिलबुक मिटलं. "म्हणे, बुधरी ऑफिसात जाते-येते, तिनं साहेबाईसंग दहा हजार वाटून खाल्ले. मी किती सांगतलं. बैठक बसली. मी तीन बकऱ्या इकल्या, हातातले चांदीचे कडे इकले, दहा हजार भरले. नाई भरले असते तं गावात राहू देलं नसतं. आता मले कोणी मोहाचे फुलं वेचाले बी संग बोलवत नाई."

बाईंनी कॅल्क्युलेटर ओढला. दोनशे बेचाळीस गुणिले तीनशे. बहात्तर हजार सहाशे. मग त्यांनी जे केलं ते त्यांना तीस मार्चला करता आलं असतं: बासष्ट हजार सहाशेला तीनशेनं भागलं. दोनशे आठ, आणि पुढे सहा, सहा, सहा. भाग जातच नव्हता. दोनशे आठ ताट्या आणि एका ताटीचा तुकडा! असा तुकडा कोण विकतं आणि कोण घेतं? दराचा आदेश त्या दिवशी हातात होता. एक भागाकार केला असता तर अक्षर खोटं बोलतंय हे तिथल्या तिथे कळलं असतं. फोनचीसुद्धा गरज नव्हती. बाईंनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. अठरा वर्षांत हे वाक्य त्या टेबलावर कोणी ऐकलं नव्हतं. श्रावणनं मान खाली घातली.

मग त्यांनी कंबर कसली. शाळेतून चलनं मागवली, साठा नोंदवहीची प्रत मागवली, फरकाची रक्कम आधी काढलेली नाही असा मुख्याध्यापकाचा दाखला घेतला, आणि दहा हजारांचं पुरवणी बिल तयार केलं. टिप्पणीत त्यांनी लिहिलं, की तपासणीत दर व नगसंख्या न पाहता अक्षरी रक्कम धरली, ही माझी चूक. श्रावण कळवळून म्हणाला, "मॅडम, असं नका लिवू. दोन वर्षं राह्यले नोकरीचे." त्यांनी तरी लिहिलं, आणि साहेबांची बोलणी खाल्ली. पैसे ऑगस्टमध्ये गटाच्या खात्यात जमा झाले.

पैसे गेले म्हणजे काम झालं, असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं. बाईंना झोप येईना. ती टिप्पणी, चलनं, सगळ्याच्या प्रती घेऊन त्या एका शनिवारी गोटाटोल्याला गेल्या. बस मोठ्या रस्त्यावर सोडते. पुढे दोन किलोमीटर चिखलातून चालल्या, चप्पल हातात घेऊन.

गटाच्या बाया समाजमंदिरात जमल्या. नवी अध्यक्ष दुर्गा, पंचविशीची, तडफदार. बुधरी सगळ्यात मागे भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. बाईंनी हिशोब पाटीवर करून दाखवला. दोनशे बेचाळीस, तीनशे, बहात्तर हजार सहाशे. आधी आले बासष्ट सहाशे, आता आले दहा. बायांनी बोटांवर पडताळा घेतला. बरोबर होतं.

"म्हणजे बुधरीबाईनं भरलेले दहा हजार तिचे तिले वापस द्यावे लागतीन," बाई म्हणाल्या. "तिनं एक रुपया खाल्ला नाही. चूक माझी. हे पाहा, मी लिहून दिलं आहे." आणि त्यांनी टिप्पणी मोठ्यानं वाचून दाखवली.

मग दुर्गा म्हणाली, "पैसे वापस देऊ. हिशोब तं हिशोब आहे. पण एक सांगा बाई. आकडा साफ होता?"

"हो."

"तुमाले दिसला?"

"दिसला."

"दिसला अन्‌ सोडला." दुर्गानं बाकीच्यांकडे पाहिलं. "दहा हजाराचा आकडा दिसून कोणी असंच सोडते का? अन्‌ मंग इतक्या दूर, चिखल तुडवत, बुधरीसाठी येते का?"

बाईंनी नियम, वर्षअखेर, वरोऱ्याचं शून्य, सगळं सांगितलं. जितकं सांगत गेल्या तितके समोरचे चेहरे बंद होत गेले. दुर्गानं पेटीतून पाचशेच्या वीस नोटा मोजल्या आणि बुधरीपुढे सरकवल्या.

बुधरीनं नोटांना हात लावला नाही.

"गटातच राहू द्या," ती म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

बाईंनी तिला बाहेर गाठलं. भुरभुर पाऊस होता. "अगं, तुझे पैसे आहेत ते! काऊन नाही घेतले?"

"तुमच्या समोर घेतले असते, तं म्हणले असते, पाहा, हिचा वाटा भेटला." बुधरी रागावलेली नव्हती. तिनं हळू आवाजात, आजूबाजूला बघत सांगितलं. "बाई, आता तुमी जा. मी रस्त्यापावतर येत नाई. लोक पाहते."

"मी पुन्हा सांगेन त्यांना. माझी चूक मी कागदावर लिहून दिली आहे, सही आहे माझी."

"लिवली, ते बरं केलं," बुधरी म्हणाली. "पण ते बी अक्षरातच हाय ना बाई."