इनासबाबांचा चंद्र

इनासबाबांना चर्चमधल्या कुणी वेळ विचारली तर ते घड्याळ दाखवत. ईस्टरची तारीख विचारली की मात्र खुर्ची ओढून बसत. एकवीस मार्चनंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. एवढंसं गणित, पण ते सांगताना बाबांचा आवाज असा लागे की जणू चंद्र त्यांच्याच आवारात बांधलेला आहे.

गेल्या ऑक्टोबरात तर गणिताची खरीच गरज पडली. लेक रोविनाचं लग्न ठरलं. जावई अँथनी बोटीवर नोकरीला, त्याची रजा पंचवीस एप्रिलपर्यंतच. उपवासकाळात लग्न नाही, म्हणजे ईस्टर उरकला की लगेच बार उडवायचा. नव्या सालाची कॅलेंडरं बाजारात यायची होती. रोविना म्हणाली, "पप्पा, फोनमध्ये ईस्टर वीस एप्रिलला दाखवतायत."

"फोनाला कधी चंद्र दिसलाय काय गो?" बाबा म्हणाले आणि शेजारी राजाभाऊंकडे गेले. राजाभाऊ आंब्याचे बागायतदार. त्यांच्याकडे दहा वर्षांचं पंचांग. त्यांनी चष्मा पुसून पान काढलं. "चैत्री पौर्णिमा शनिवारी, बारा एप्रिल. हनुमान जयंती."

शनिवारी पौर्णिमा, तर रविवारी तेराला ईस्टर. बाबांनी तिथल्या तिथे बुधवार सोळा एप्रिल ठरवला, आचाऱ्याला सांगितलं आणि लग्नाचा हॉल बुक करायचं काम रोविनावर सोपवलं.

जानेवारीत तीन राजांचा सण आला. त्या दिवशी सालभराच्या फिरत्या सणांच्या तारखा चर्चमध्ये गाऊन सांगायची जुनी रीत आहे, आणि गायचा मान बाबांचा. फादरनी ऐन वेळी कागद हातात दिला. बाबांनी खड्या आवाजात उपवास सुरू होतो तो राखेचा बुधवार पाच मार्च गायला, आणि पुढच्या, ईस्टरच्या ओळीवर ते अडखळले. कागदावर वीस एप्रिल होतं. डोळे वीस वाचत होते, पण जीभ ऐकेना. बाबांनी लांबलचक तान घेऊन गायलं, "एप्रिलच्या तेराव्या दिवशीऽऽ".

फादर खोकले. बाबांनी तेरा पुन्हा गायलं, अधिक सुरात. मागच्या बाकावरचा बस्त्याव, ज्याचा जीव मटणात अडकलेला, खूश होऊन शेजाऱ्याला म्हणाला, "उपवास आठवडाभर कमी झाला, बाबांचं भलं होवो."

मिसाची प्रार्थना संपल्यावर फादरनी बाबांना आतल्या खोलीत नेलं.

"बाबा, चर्चचा चंद्र आकाशात नसतो, तक्त्यात असतो. दिवसरात्र समान होण्याचा दिवसही आपण एकवीस मार्च धरूनच चालतो, आकाशात तो मागेपुढे झाला तरी. तक्त्यात पौर्णिमा तेरा एप्रिलला आहे, आणि तेराला रविवारच आहे. पौर्णिमाच रविवारी आली तर ईस्टर पुढच्या रविवारी."

"पण पंचांगात शनिवार."

राजाभाऊ फादरकडे नाताळचा राहिलेला फराळ खायला आलेच होते. "इनास, पौर्णिमा रविवारी पहाटे सहाच्या आत संपते. आणि संपते तोच पुऱ्या चंद्राचा क्षण. सूर्योदयाला असते ती तिथी धरायची, म्हणून आमची शनिवारी. तू हनुमान जयंती विचारलीस, ती मी सांगितली."

"हनुमान जयंती कोणी विचारली?" बाबा म्हणाले.

मग त्यांना सोळा एप्रिल आठवला. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार. त्या आठवड्यात वऱ्हाड नाचवायचं तर फादर दारातच उभे राहतील. हॉल गेला, आणि दुसरी तारीख शोधेपर्यंत अँथनी बोटीवर. पोरीचं लग्न आपल्या हट्टीपणानं बुडवलं, असं वाटून बाबांना रडूच आलं. सगळ्या रस्त्यात त्यांनी चंद्राला शिव्या घातल्या, त्याही भरदुपारी, जेव्हा बिचारा हजरसुद्धा नव्हता.

रोविना अंगणात कोकमं निवडत होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले आणि पहिल्यांदाच आयुष्यात खुर्ची न ओढता म्हणाले, "चुकलो गो बाय. ईस्टर वीसलाच. सोळाचा हॉल सोडावा लागेल."

"सोळाचा घेतलाच नाही," ती म्हणाली. "मंगळवार बावीसचा घेतलाय. अँथनीला माहिती आहे, आचाऱ्यालाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"ऑक्टोबरात सांगितलं होतं. तुम्ही राजाभाऊंकडे गेलात."

बाबांनी डोळे पुसले. मग ते हळूच खुर्ची ओढून बसले.

"बरं," ते म्हणाले, "मग मी मंगळवार ठरवतो."

"ठरवा, पप्पा," रोविना म्हणाली.