छपरावरची पिन

आमच्या शेजारच्या तात्यांनी कालव्यावरून काय काय ओढून आणलं, याची यादी त्यांच्या तोंडून ऐकायची तर पोटभर जेवून बसावं लागे. औषधं, बूट, पंप, मिक्सर ही झाली किरकोळ कामं. एकदा म्हणे अख्खी पिठाची गिरणी आणली, आणि गिरणी आली ती वाटेत दळतच आली. अलीकडे पोचली तेव्हा टोपलीत पीठ तयार. गिरणी सुटी करून, आठवडाभर एकेक भाग करून आणली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तात्यांच्या गोष्टीत बोट घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. गोष्ट कमी पडली तर मीच वर चार मुठी टाकत असे.

या ओढाओढीचं मूळ होतं एका पिनमध्ये. तात्यांचं शेत लांबट, पट्टीसारखं. फाटक एका टोकाला, मोठ्या रस्त्यावर. घर पार दुसऱ्या टोकाला, कालव्याच्या काठावर. फाटकापासून घरापर्यंतची वाट त्यांची स्वतःची, त्यामुळे नकाशात ती नव्हतीच. कालव्याच्या पलीकडच्या काठाने मात्र सरकारी रस्ता जातो. तात्यांचा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला. त्याने तिकडे बसून उपग्रहाचं चित्र मोठं मोठं करत नेलं, आपल्या घराचं छप्पर ओळखलं आणि बरोबर आईच्या खोलीवर पिन ठेवली. शेताचं नावही नकाशावर चढवलं. फोन करून म्हणाला, "आई, तुझ्या उशाशी पिन टोचलीय बघ. आता कुणी चुकायचं नाही."

काकू हसल्या. "टोचू नकोस रे बाबा, आधीच अंगाची चाळण झालीय."

पोराची माया खरी, पण नकाशाला माया कळत नाही आणि फाटकही कळत नाही. त्याला कळतात रस्ते. पिनपासून सगळ्यांत जवळचा रस्ता कोणता, तर पलीकडचा. म्हणून जो येई तो कालव्याच्या त्या काठावर येऊन उभा राही, मधे सिमेंटचा उभा उतार आणि पाणी, आणि फोन त्याला सांगे की तुम्ही पोचलात. पहिला कुरिअरवाला हातवारे करून ओरडला, "काका, पोचलो, पण येऊ कसा?"

दुसरा कुणी असता तर त्याने पिन उचलून फाटकावर ठेवली असती. ते काम बोटाचं होतं. तात्यांनी मात्र दोन्ही काठांवर खांब रोवले, कप्प्या बसवल्या, दोर फिरवला आणि टोपली बांधली. पार्सलवाल्याने टोपलीत ठेवावं, तात्यांनी ओढावं. पार्सलवाले खूश, पुलाचा वळसा वाचला. आम्ही बघे खूश. तात्या तर इतके खूश की सामान लागत नसलं तरी मागवायचे.

त्यांची लेक आईच्या दुखण्यासाठी माहेरी येऊन राहिली होती. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "तात्या, पिन फाटकावर घ्या."

"अगं, घर इथे आणि पिन तिथे? पाहुण्याला काय फाटकात जेवायला वाढायचं?"

"पाहुणा चालत येईल की आत."

"आणि माझ्या दोराला काय गळफास करू?"

असं बोलून ते विषय उडवून लावत. काकू नळीतून श्वास घेत घेत म्हणत, "राहू दे गं. तेवढाच त्यांना विरंगुळा."

काकूंची फुप्फुसं झिजली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, ते विजेवर चाले. वीज गेली की इन्व्हर्टर, तो संपला की कोपऱ्यातला सिलिंडर. सिलिंडर भरून देणाऱ्या दुकानाच्या ॲपमध्ये पत्ता मुलानेच भरलेला, पिन तीच, छपरावरची. लेकीने एकदा त्या पत्त्याखाली लिहून ठेवलं होतं, 'मोठ्या रस्त्यावरच्या फाटकातून यावे.' तिला वाटलं, काम झालं. पण लिहिलेलं बदललं म्हणून पिन हलत नाही, आणि गाडीवाला वाचत बसत नाही. तो निळ्या रेघेवरून जातो. आधी येणारा टेंपोवाला जुना होता, त्याला फाटक पाठ होतं. म्हणून ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही.

त्या दिवशी सकाळी डीपी जळाली आणि सगळ्या शिवाराची वीज गेली. दुपारपर्यंत इन्व्हर्टर बसला. सिलिंडर लावला, तर त्याचा काटा आधीच खाली. लेकीने दुकानाला फोन केला, त्यांनी टेंपो लगेच सोडला. मी काय हवं नको पाहायला तिथेच गेलो होतो. काकू उशांना टेकून बसल्या होत्या, ओठ जांभळट. बोलणं बंद झालं होतं, नुसते डोळे दारावर.

हॉर्न वाजला. आम्ही सगळे फाटकाच्या दिशेने वळलो, आणि हॉर्न वाजला पाठीमागून.

पलीकडच्या काठावर टेंपो उभा होता. ड्रायव्हर नवा. त्याने खाली उतरून पाणी पाहिलं, फोन पाहिला, पुन्हा पाणी पाहिलं. "अहो, हे तर इथंच दाखवतंय!"

लेकीने तिथूनच त्याला फोन लावला. "दादा, तो नकाशा बंद करा. मी आता तुम्हाला फाटकाची पिन पाठवते, तिच्यावर या. पूल ओलांडला की मोठा रस्ता, सरळ फाटक. मी येऊन उघडते." बोलता बोलता तिने नकाशावर फाटक शोधलं, बोट दाबून धरलं, पिन पडली, ती पाठवली. ड्रायव्हरच्या हातातला फोन वाजलेला आम्ही पाहिला. तो गाडीत बसायलाही निघाला.

तेवढ्यात तात्या काठावर जाऊन ओरडले, "थांब रे! वळसा कशाला घालतोस? दोर आहे की!"

"तात्या, नको!" लेक धावत आली. "तो सिलिंडर आहे. टोपलीतलं खेळणं नाही."

"गिरणी आणलीय मी या दोरावरून. अख्खी गिरणी!" मग ते माझ्याकडे वळले. "सांगा हो हिला."

आता मी काय सांगणार? इतकी वर्षं मान डोलवून डोलवून ती गिरणी मीच दळती ठेवली होती. मी तोंड उघडेपर्यंत तात्यांनी टोपली पलीकडे धाडलीसुद्धा.

ड्रायव्हर घुटमळला. "काका, जड आहे हां. दोन माणसं लागतात चढवायला."

"तू नुसता बांध. ओढायचं माझ्याकडे. आत बाई गुदमरतेय आणि तू पुलावर फिरायला जातोस?"

त्या वाक्याने माणूस घाबरला. कुणाच्या मरणाला कारण व्हायला कोण तयार असतं? त्याने सिलिंडर कसाबसा उतरवला, टोपली बाजूला सारली आणि दोर त्याच्या अंगाला गुंडाळून गाठ मारली. लेक फोनमध्ये ओरडत होती, "दादा, बांधू नका, गाडीत बसा," पण फोन त्याच्या खिशात होता आणि हात गाठीत.

तात्यांनी ओढ घेतली. मीही दोराला हात लावला. सिलिंडर काठ सोडून निघाला, दोर खाली झुकला, कप्पी किंचाळली. अर्ध्यावर येईपर्यंत तात्या हसत होते, खरंच हसत होते. "बघ! बघ गं!" मग गुळगुळीत लोखंडावरून गाठ सरकली. सिलिंडरने एका बाजूला मान टाकली आणि तो सरळ पाण्यात गेला. मोठा आवाजही झाला नाही. दोर हलका होऊन आमच्या हातात उडत आला, आणि आम्ही दोघे म्हातारे पाठीवर पडलो.

लेकीने रडण्यात वेळ घालवला नाही. तिने पुन्हा फोन लावला. "दादा, दुसरा आहे का गाडीत?"

"एकच आहे ताई. पण तो दुसऱ्या घरचा आहे. तिथेही पेशंट आहे."

तिने एकदा आईच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो आम्ही लावू, तोवर दुकानाकडून त्यांच्यासाठी दुसरा निघू दे. मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही या. पिन पाठवलीय तीच लावा."

टेंपो निघाला. ती फाटकाकडे पळत सुटली. तात्या आत गेले. काकूंजवळ बसून त्यांनी त्यांचा हात हातात धरला आणि म्हणू लागले, "आलाच बघ. पुलावर आला असेल. आता मोठ्या रस्त्यावर आला असेल." त्यांच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट अशी की तिच्यात त्यांनी काही वाढवलं नाही. काकू ऐकत होत्या. ऐकता ऐकता केव्हा थांबल्या ते मला कळलं, त्यांना कळलं नाही. ते पुढे बोलतच राहिले.

टेंपो आला तो मधे कुठेही न अडखळता आला. लेक पायरीवर उभी राहून आत बघत होती, ड्रायव्हर तिच्यामागे सिलिंडर कसाबसा खांद्यावर घेऊन वाकलेला.

"इतकं जवळ होतं होय?" तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याला खोली दिसली. सिलिंडर त्याने खाली टेकलाही नाही. लेकीने मान हलवली, म्हणाली, "न्या. त्यांच्याकडे न्या. त्यांची पिन नीट आहे ना, आधी फोन करून विचारा." तो तसाच परतला.

तात्या तेव्हा गप्प झाले.

मुलाला फोन गेला. तो मिळेल त्या गाडीने निघाला. दुसऱ्या दिवशी माणसं जमली, न्यायची तयारी झाली, सगळे त्याच्यासाठी खोळंबले. लेकीने त्यालाही फाटकाची पिन पाठवली होती. पण आपल्याच घराचा रस्ता आपल्याला कोण विचारणार, म्हणून असेल, किंवा डोळ्यांत पाणी असल्यामुळे असेल, त्याने ड्रायव्हरला शेताचं नाव सांगितलं आणि डोळे मिटून बसला.

गाडी पलीकडच्या काठावर येऊन थांबली. तो उतरला. समोर घर, अंगणात माणसं, माणसांच्या मधे आई. तो फोनकडे बघत राहिला.  

मग त्याला खांब दिसला, कप्पी दिसली. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले. "तात्या! दोर टाका! मी धरून येतो!"

तात्या उठले. कालच्या दोराने सोललेले तळवे त्यांनी धोतराला पुसले आणि काठापर्यंत चालत गेले. बाप एका काठावर आणि मुलगा दुसऱ्या काठावर, मधे पाणी. नंतर तात्यांनी हात उचलून पुलाची दिशा दाखवली.

"फाटकातून ये," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की पलीकडे पोचणं शक्य नव्हतं. मग लेकीने पुढे होऊन तेच मोठ्याने सांगितलं.